आणखी नऊ महिने हवेत, कारण बाटली स्वच्छ दिसत होती

‘आदरणीय मॅडम, माझ्या पेशींमध्ये मायकोप्लाझ्मा सापडला आहे. तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा होकारार्थी आली. गेल्या ऑगस्टनंतर केलेला एकही प्रयोग आता प्रबंधात वापरता येणार नाही. त्यामुळे मला सबमिशनसाठी आणखी नऊ महिने हवे आहेत. नऊच का, त्याचा हिशेब खाली देत आहे.’

पीएचडीच्या पाचव्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या गाईडला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलेल्या पत्राची ही सुरुवात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतली ही गोष्ट आहे. नावांची इथे गरज नाही, कारण पेशी वाढवणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत कधी ना कधी असे पत्र लिहिण्याची वेळ कोणावर तरी येते. पत्र पहाटे तीन वाजता पाठवलेले होते. आधीच्या दोन मसुद्यांत ‘माफ करा’ हा शब्द अनेकदा आला होता, शेवटच्या मसुद्यात तो एकदाच उरला. त्याच्या जागी आल्या तारखा, कुप्यांचे क्रमांक आणि आठवड्यांची बेरीज. म्हणूनच हे पत्र वाचण्यासारखे आहे.

काम काय होते?

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर जेमसिटाबिन हे औषध अनेक वर्षांपासून वापरले जाते. अडचण अशी की बऱ्याच रुग्णांमध्ये काही काळाने गाठ या औषधाला दाद देईनाशी होते. असे का होते, हा या विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

त्यासाठी त्याने पॅन्क-१ नावाच्या पेशी घेतल्या. ५६ वर्षांच्या एका रुग्णाच्या स्वादुपिंडातील गाठीतून मिळवलेल्या या पेशींची माहिती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढवल्या जात आहेत. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत गुलाबीसर पोषकद्रव घालायचा, त्यात पेशी सोडायच्या आणि बाटली ३७ अंश तापमानाच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. या पेशींची संख्या साधारण दोन दिवसांत दुप्पट होते.

औषधाला न जुमानणाऱ्या पेशी तयार करण्याची रीत सोपी आहे, पण वेळखाऊ. पोषकद्रवात आधी अगदी थोडे जेमसिटाबिन घालायचे. बहुतेक पेशी मरतात, थोड्या तगतात. त्या तगलेल्या पेशी पुन्हा बाटलीभर वाढू द्यायच्या आणि मग मात्रा दुप्पट करायची. असे सहा टप्पे त्याने ठरवले होते. प्रत्येक टप्प्याला सुमारे पाच आठवडे लागतील, असा अंदाज होता. गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस त्याने सुरुवात केली. पहिले तीन टप्पे अंदाजाप्रमाणेच गेले आणि जुलैचा मध्य उजाडला.

चौथा टप्पा ऑगस्टअखेरीस संपला. पाचवा आणि सहावा मात्र तीन-तीन आठवड्यांतच उरकले. मात्रा वाढत होती आणि तरी पेशी पूर्वीपेक्षा भराभर सावरत होत्या. त्याला आनंद झाला. डिसेंबरमध्ये त्याहूनही चांगली गोष्ट घडली. या चिवट पेशींच्या बाटलीतला वापरलेला पोषकद्रव त्याने साध्या पॅन्क-१ पेशींवर घातला, तर त्याही औषधातून वाचू लागल्या. म्हणजे चिवट पेशी बाहेर काहीतरी सोडत असाव्यात आणि त्यामुळे शेजारच्या पेशींचेही रक्षण होत असावे. प्रबंधाचे तिसरे प्रकरण यावरच उभे राहणार होते. फेब्रुवारीत शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला.

निळे ठिपके

मसुद्यासाठी पेशींची काही चांगली छायाचित्रे हवी होती. डॅपी नावाचा रंग डीएनएला चिकटतो आणि विशिष्ट प्रकाशात निळा चमकतो. पेशीचा डीएनए मुख्यतः केंद्रकात असतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर निळे, गोल केंद्रक दिसायला हवे. तसे ते दिसलेही. पण चित्र जरा उजळ करताच केंद्रकाबाहेर, पेशीच्या कडेकडेने, बारीक निळे ठिपके उमटले. कोणीतरी निळी पूड भुरभुरावी तसे.

रंग नीट धुतला गेला नसेल, असे आधी वाटले. त्याने पुन्हा रंगवले, ठिपके तिथेच. मग त्याने पेशींवरचा तीन दिवस न बदललेला पोषकद्रव घेऊन पीसीआर तपासणी केली. मायकोप्लाझ्माच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा नमुन्यात आहे का, हे या तपासणीत कळते. तो तुकडा होता. त्याचा क्रम वाचून घेतल्यावर जातही कळली : मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस. मुळात डुकरांच्या श्वसनमार्गात राहणारा, पण प्रयोगशाळांतल्या बाटल्यांमध्ये वारंवार सापडणारा जिवाणू.

साधे जिवाणू बाटलीत शिरले तर लपून राहत नाहीत. एका रात्रीत पोषकद्रव गढूळ होतो, त्याचा रंग पिवळा पडतो, बुरशी असेल तर धागे दिसतात. बाटली फेकून द्यायची, एक-दोन आठवड्यांचे नुकसान सोसायचे आणि पुढे जायचे. मायकोप्लाझ्माचे तसे नाही. तो एका मायक्रॉनहूनही लहान असतो, तर माणसाची पेशी साधारण १० ते २० मायक्रॉनची. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखू येत नाही. एका मिलिलिटरमध्ये एक कोटीहून अधिक मायकोप्लाझ्मा असले तरी पोषकद्रव पाण्यासारखा नितळ दिसू शकतो. त्याला पेशीभित्तिका नसल्याने तो मऊ असतो आणि इतर जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीच्या छिद्रांतूनही काही वेळा निसटतो.

प्रतिजैविकांचे काय? पोषकद्रवात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घालण्याची पद्धत जुनीच आहे. पण पेनिसिलिन जिवाणूची भित्तिका बनू देत नाही, आणि इथे भित्तिकाच नाही. उलट प्रतिजैविकामुळे इतर जंतू मरतात, बाटली स्वच्छ दिसते आणि संशोधक निर्धास्त राहतो.

पेशींच्या बाटलीत मायकोप्लाझ्मा असल्याची पहिली नोंद १९५६ ची आहे. त्यालाही आता कित्येक दशके लोटली, पण प्रश्न मिटलेला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी एक वेगळीच झडती घेतली. इतर प्रयोगशाळांनी सार्वजनिक संग्रहात ठेवलेली जनुकीय माहिती त्यांनी तपासली आणि माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींच्या माहितीत मायकोप्लाझ्माचे तुकडे मिसळले आहेत का, ते पाहिले. तपासलेल्या प्रकल्पांपैकी सुमारे ११ टक्के प्रकल्पांत ते सापडले. त्या प्रयोगशाळांतल्या अनेकांना आपल्या बाटलीत दुसरे कोणी राहते, याची कल्पनाही नसणार.

औषध कोणी खाल्ले?

या विद्यार्थ्याचे दुर्दैव असे की त्याचे औषध आणि त्याच्या बाटलीतला जंतू यांचा थेट संबंध होता. मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिसकडे एक विकर असते. ते जेमसिटाबिनच्या रेणूत छोटासा बदल करते आणि औषध निष्प्रभ होते. म्हणजे बाटलीत औषध घातले जात होते खरे, पण पेशींपर्यंत ते पुरते पोहोचतच नव्हते.

हे कळल्यावर मागचे सगळे उलगडत गेले. पाचवा आणि सहावा टप्पा तीन आठवड्यांत का संपला? पेशी चिवट झाल्या म्हणून नव्हे, तर जंतू औषध संपवत होता म्हणून. वापरलेल्या पोषकद्रवाने साध्या पेशी का वाचल्या? पेशींनी सोडलेल्या एखाद्या संरक्षक प्रथिनामुळे नव्हे, तर त्या द्रवाबरोबर जंतूही ओतला गेला म्हणून. द्रव त्याने आधी गाळून घेतला होता, पण पेशींचा कचरा काढण्यापुरता, मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून. त्यातून मायकोप्लाझ्मा सहज पलीकडे जातो.

पत्रात त्याने हे असे लिहिले : ‘तिसऱ्या प्रकरणातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, निव्वळ शंकास्पद नव्हे. शोधनिबंध पाठवू नये, अशी विनंती करतो. टप्पे भराभर संपत होते तेव्हाच मला प्रश्न पडायला हवा होता. निकाल मनासारखा येत होता, म्हणून मी तो विचारला नाही.’

काय गेले, काय वाचले?

अशा वेळी पहिली भावना असते की सगळेच गेले. गाईडसमोर असे म्हणणे एका परीने सोपेही असते, कारण मग तपशिलात जावे लागत नाही. पण ‘सगळे गेले’ आणि ‘ऑगस्टनंतरचे गेले’ यांत जवळजवळ वर्षाचा फरक आहे. तो फरक सिद्ध करायला या विद्यार्थ्याकडे एक साधन होते : द्रव नायट्रोजनची टाकी.

प्रत्येक टप्पा संपला की थोड्या पेशी लहान कुप्यांत भरून, तारीख घालून, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या, हा त्या प्रयोगशाळेचा नियम होता. गोठलेल्या पेशी त्या दिवशी जशा होत्या तशाच राहतात, आणि त्यांच्यातला संसर्गही. त्यामुळे कुप्यांची ती रांग म्हणजे एक प्रकारची रोजनिशीच झाली. त्याने प्रत्येक टप्प्याची एक कुपी बाहेर काढली आणि तपासली. एप्रिलअखेरची स्वच्छ. जूनची स्वच्छ. जुलैच्या मध्याची, म्हणजे तिसऱ्या टप्प्याची, तीही स्वच्छ. ऑगस्टअखेरची चौथ्या टप्प्याची कुपी दूषित. त्यानंतरच्या सगळ्या दूषित.

म्हणजे जंतू जुलैचा मध्य आणि ऑगस्टची अखेर यांच्या दरम्यान शिरला. नोंदवहीत त्या सहा आठवड्यांत एकच वेगळी गोष्ट होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुलनेसाठी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून वेगळ्या पेशींची बाटली आणली होती. बाहेरून आलेल्या पेशी आधी वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवून तपासायच्या असतात. त्या दिवशी वेगळा इनक्युबेटर दुसऱ्याच कामात अडकलेला होता. ‘बाटली मीच आणली आणि मीच ती आपल्या इनक्युबेटरमध्ये ठेवली,’ असे त्याने लिहिले. संसर्ग तिथूनच आला हे त्याला सिद्ध करता येत नव्हते, कारण ती बाटली केव्हाच टाकून दिली होती. त्याने तेही लिहिले.

मग यादी आली. पहिले प्रकरण, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, शाबूत. दुसरे प्रकरण रुग्णांच्या गाठींच्या रंगवलेल्या कापांवर आधारलेले होते. ते ऊतक बाटलीत कधी वाढवलेच नव्हते, म्हणून तेही शाबूत. पहिल्या तीन टप्प्यांच्या नोंदी शाबूत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले औषधमात्रेचे आलेख रद्द. डिसेंबरचे पोषकद्रवाचे प्रयोग रद्द. जानेवारीत हाती आलेल्या जनुकीय वाचनात त्याने मायकोप्लाझ्माचे तुकडे शोधले. ते सापडले, त्यामुळे तेही रद्द.

एक मोह मात्र बाकी होता. मायकोप्लाझ्मा मारणारी खास प्रतिजैविके मिळतात. साधारण दोन आठवडे त्यांचा मारा करायचा, मग दोन आठवडे थांबून पुन्हा तपासायचे. बऱ्याचदा पेशी वाचतात. मग सहाव्या टप्प्यातल्या पेशींवर हाच उपचार करून वेळ का वाचवू नये? त्याचे उत्तर त्याने स्वतःच दिले : ‘जंतू मरेल, पण त्या पेशींची निवड चुकीच्या परिस्थितीत झाली आहे. औषध पुरते पोहोचतच नव्हते, तेव्हा त्या पेशी औषधातून तगल्या असे म्हणता येणार नाही. त्यांना स्वच्छ करूनही त्या माझ्या प्रश्नाचे उत्तर देणार नाहीत.’ दुसरीकडे कुठेच न मिळणाऱ्या पेशी असतील तर उपचार करून पाहावा. इथे जुलैची कुपी हाताशी होती.

नऊ महिन्यांची बेरीज

वेळ वाढवून मागणारी बहुतेक पत्रे इथे घसरतात. ‘सहा महिने मिळाले तर बरे होईल’ असे लिहिले जाते आणि सहा कुठून आले, ते कोणालाच सांगता येत नाही. या पत्रातला हिशेब पेशींच्या वेगावर बेतलेला होता.

पहिले चार आठवडे शुद्धीचे. सगळ्या दूषित बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करून टाकायच्या, इनक्युबेटर आणि हूड पुसून काढायचे, उघडलेला पोषकद्रव फेकायचा. त्याच काळात जुलैची कुपी वेगळ्या इनक्युबेटरमध्ये, प्रतिजैविकाशिवाय वाढवायची आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासायची. एकदाच तपासून भागत नाही. जंतू अगदी कमी असतील तर पहिल्या तपासणीत हुकू शकतात. प्रतिजैविक असले तर ते दबून राहतात आणि पुढे डोके वर काढतात.

पुढचे १५ आठवडे उरलेल्या तीन टप्प्यांचे, प्रत्येकी पाच. ‘मागच्या वेळचे तीन आठवडे खरे नव्हते, म्हणून पाचच धरले आहेत,’ अशी टीप त्याने जोडली होती. त्यानंतर चार आठवडे औषधमात्रेचे आलेख तीन वेळा स्वतंत्रपणे काढण्यासाठी. शेवटी सहा आठवडे जनुकीय वाचनासाठी : पेशी वाढवून नमुने पाठवणे, माहिती येणे आणि तिचा प्राथमिक अर्थ लावणे. एकूण २९ आठवडे, म्हणजे सात महिन्यांना थोडे कमी. लेखनाला दोन महिने. बेरीज नऊ.

तिसऱ्या टप्प्याची कुपी नसती, तर आधीचे तीन टप्पेही पुन्हा करावे लागले असते. आणखी १५ आठवडे. टाकीत ठेवलेल्या एका बोटभर कुपीने साडेतीन महिने वाचवले.

मुदत आहे, पैसे नाहीत

विद्यापीठाचा नियम इथे आडवा येत नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. पत्र लिहिताना त्याची चार वर्षे सात महिने झाली होती. नऊ महिने मिळाले तरी तो पाच वर्षे चार महिन्यांवर सबमिशन करू शकत होता, पुनर्नोंदणीची गरजच नव्हती.

अडचण दुसरीकडे होती. त्याची राष्ट्रीय पातळीवरची फेलोशिप पाच वर्षांची होती : दोन वर्षे कनिष्ठ, तीन वर्षे वरिष्ठ. जानेवारी २०२३ पासून वरिष्ठ फेलोशिपची रक्कम महिना ४२ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता अशी आहे. ती ऑगस्टच्या मध्यात थांबणार होती. सबमिशन डिसेंबरच्या मध्यात. मधले चार महिने हातात काहीच येणार नव्हते. खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि गावाकडे दरमहा पाठवायचे आठ हजार कुठून आणायचे?

हे लिहायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. तरी शेवटी त्याने सरळच विचारले : ‘ऑगस्टनंतर चार महिन्यांसाठी एखाद्या प्रकल्पात सहायकाची जागा किंवा संस्थेच्या निधीतून काही मदत शक्य आहे का? नसेल तर मला आत्ताच कळावे, म्हणजे मी शिकवणीचे काम शोधेन. तसे झाल्यास बेरीज नऊऐवजी अकरा महिन्यांची होईल, हेही सांगतो.’

शेजारच्या हूडमध्ये कोण?

पत्राचा शेवटचा परिच्छेद त्याच्याविषयी नव्हताच. त्या हूडमध्ये आणखी दोघी जणी काम करत होत्या. एकीचा शोधनिबंध परीक्षकांकडे होता.

मायकोप्लाझ्मा कसा पसरतो, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगाने दाखवले होते. दूषित बाटलीवरचे नेहमीचे काम हूडमध्ये केले गेले. त्यानंतर चार ते सहा दिवसांनीही हूडच्या पृष्ठभागावर जिवंत मायकोप्लाझ्मा सापडले. त्याच हूडमध्ये आठवड्यातून एकदा हाताळलेली स्वच्छ बाटली सहा आठवड्यांत दूषित झाली. कोणी चूक केली नव्हती. पिपेटमधून उडणारे, डोळ्यांना न दिसणारे थेंब तेवढ्याला पुरतात.

म्हणून त्याने लिहिले की पत्र पाठवण्याआधी त्याने दोघींना सांगितले आहे, त्यांच्या बाटल्यांचे नमुने घेतले आहेत आणि निकाल येईपर्यंत हूड बंद ठेवला आहे. प्रयोगशाळेची शेवटची सामूहिक तपासणी मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत झाली होती. ती दर महिन्याला व्हायला हवी होती, हे त्याने कोणाकडे बोट न दाखवता नोंदवले. प्रकरण दडवता आले असते का? काही काळ, हो. निळे ठिपके चित्राचा उजळपणा कमी केला की दिसेनासे होतात. पण मग त्या दोघींनी आपापले काम त्याच हूडमध्ये चालू ठेवले असते.

गाईडचे उत्तर

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तेही लांबलचक नव्हते. शोधनिबंध थांबवला आहे. मुदतवाढ मान्य. पण हिशेबात एक चूक आहे, असे मॅडमनी लिहिले : ‘तू बिघाडासाठी एकही आठवडा ठेवलेला नाहीस. १५ आठवड्यांत पेशींना दर तीन दिवसांनी पोषकद्रव बदलण्याखेरीज फारसे काम नसते. त्या काळात पहिले आणि दुसरे प्रकरण लिहून काढ. लेखनाचे दोन महिने त्यातून बरेचसे सुटतील आणि ते दिवस बिघाडासाठी राखून ठेव. मुदत नऊ महिन्यांचीच.’ पैशांबाबत त्यांनी शब्द दिला नाही. एका प्रकल्पात ऑगस्टमध्ये जागा रिकामी होणार होती, तिच्यासाठी अर्ज करायला सांगितले आणि निवड समितीपुढे जावे लागेल, हेही बजावले. खबरदारी म्हणून साध्या पॅन्क-१ पेशींची नवी कुपी पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवायची, आणि ती आली तरी आधी वेगळी ठेवून तपासायची, असेही ठरले.

उत्तराच्या तळाशी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाचा उल्लेख होता. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनाही असेच काही दिसले होते. काही पेशींचा पोषकद्रव कर्कपेशींना जेमसिटाबिनपासून वाचवत होता, आणि शोध घेता कारण निघाले हाच मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस. त्यांनी बाटल्या टाकून देऊन विषय संपवला नाही. रुग्णाच्या गाठीतही औषध मोडणारे जिवाणू असतील का, असे त्यांनी विचारले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ११३ नमुन्यांपैकी ८६ नमुन्यांत त्यांना जिवाणू आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ते औषध मोडणारे विकर असू शकते, असे दिसले.

ते वाचून विद्यार्थ्याने लगेच विचारले, मग आपले डिसेंबरचे प्रयोग या अंगाने वापरता येतील का? मॅडमनी नकार दिला. त्या संशोधकांनी जंतू ओळखला, तो मुद्दाम घातलेल्या आणि न घातलेल्या बाटल्यांची तुलना केली, मग रुग्णांच्या गाठींकडे गेले. इथे जंतू कधी आला, किती होता, कोणत्या बाटलीत नव्हता, हे कोणालाच माहीत नाही. तुलनेसाठी स्वच्छ बाटली नसेल तर अपघाताचा प्रयोग होत नाही. दुसऱ्या प्रकरणातले रुग्णांच्या गाठींचे काप मात्र अजून कपाटात आहेत, त्यांत जिवाणू शोधता येतील, पण ते प्रबंध झाल्यावर.

दोघींपैकी एकीच्या बाटल्या स्वच्छ निघाल्या. दुसरीच्या, जिचा शोधनिबंध परीक्षकांकडे होता, दोन बाटल्या दूषित होत्या. तिनेही आपल्या कुप्या तारखेच्या क्रमाने तपासायला घेतल्या आहेत. इनक्युबेटरच्या दारावर आता एक तक्ता लावलेला आहे : महिन्याचा पहिला सोमवार, तपासणी करणाऱ्याची सही आणि निकाल. एप्रिलच्या रकान्यात त्याची पहिली सही आहे. जुलैच्या कुपीतून वाढवलेल्या पेशींची तोवर एकच तपासणी झाली होती. समोर लिहिले आहे : स्वच्छ, दुसरी तपासणी बाकी.